भाव, संख्या आणि त्यांचा गुणाकार : भांडवल बाजारावरील तीन लघुप्रश्न

वाणिज्य शाखेच्या परीक्षांत, बँकांच्या भरतीपरीक्षांत आणि भांडवल बाजारात नोकरी करू इच्छिणाऱ्यांस द्याव्या लागणाऱ्या प्रमाणपत्र परीक्षांत दोन-दोन गुणांचे जे लघुप्रश्न घातले जातात, त्यांत तीन प्रश्न वेष बदलून वारंवार येतात. निर्देशांक किती अंशांनी चढला, बुक बिल्डिंगमध्ये कट-ऑफ भाव कोणता ठरला आणि समभागाचे विभाजन झाल्यावर त्याचा बाजारभाव काय होईल, हे ते तीन प्रश्न होत. पाठ्यपुस्तकांत ते तीन निरनिराळ्या प्रकरणांत पडलेले असल्यामुळे विद्यार्थी त्यांची तीन निरनिराळी सूत्रे पाठ करतो, आणि परीक्षकाने प्रश्नाचा एखादा शब्द इकडचा तिकडे केला की पाठ केलेले सूत्र हातातून निसटते. वस्तुतः या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच हिशेब आहे, आणि तो म्हणजे भाव गुणिले समभागांची संख्या. बुक बिल्डिंगमध्ये संख्या ठरलेली असते व भाव शोधावयाचा असतो. निर्देशांकात संख्या स्थिर धरून भावांच्या हालचालीचे माप घ्यावयाचे असते. विभाजनात संख्या बदलते, पण गुणाकार तोच राहतो. हे सूत्र धरून एकाच कंपनीचा माग तिच्या जाहीर विक्रीपासून विभाजनापर्यंत काढला, तर तिन्ही प्रश्न क्रमाने सुटतात.

अशी एक कंपनी कल्पावी, की जिचे दहा रुपये दर्शनी किमतीचे चार कोटी समभाग आहेत. त्यांतील तीन कोटी प्रवर्तकांपाशी राहावयाचे आहेत आणि एक कोटी जनतेस विकावयाचे आहेत. हे समभाग कोणत्या भावाने विकावेत, हा पहिला प्रश्न. एके काळी याचे उत्तर सरकारदरबारी ठरत असे. १९४७ च्या भांडवल नियंत्रण कायद्यान्वये नेमलेला अधिकारी दर्शनी किमतीवर किती अधिमूल्य घ्यावे याची मंजुरी देई, आणि तो भाव बहुधा इतका बेताचा असे, की ज्याच्या नावे वाटप झाले त्याच्या पदरात पहिल्याच दिवशी नफा पडे. १९९२ साली हा कायदा रद्द झाला, भाव ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांस मिळाले, आणि १९९५ मध्ये मालेगाम समितीच्या शिफारशींस अनुसरून बुक बिल्डिंगची पद्धत आपल्याकडे आली. या पद्धतीत कंपनी एक भाव जाहीर न करता भावाचा एक पट्टा जाहीर करते, गुंतवणूकदार त्या पट्ट्यात आपापली बोली नोंदवितात, आणि त्या बोल्यांच्या नोंदवहीवरून अखेरचा भाव निघतो. म्हणूनच विक्रीपूर्वी प्रसिद्ध होणाऱ्या रेड हेरिंग प्रॉस्पेक्टसमध्ये कंपनीची सर्व माहिती असते, पण विक्रीचा अंतिम भाव तेवढा नसतो. ‘या दस्तऐवजात कोणती बाब नसते’ असा एक गुणाचा प्रश्न आला, तर उत्तर हेच होय.

पट्ट्यास सेबीच्या नियमांची मर्यादा आहे. वरचा भाव खालच्या भावाच्या १२० टक्क्यांहून अधिक असू नये आणि १०५ टक्क्यांहून कमीही असू नये. दुसरी अट अलीकडची आहे. काही कंपन्या एक-दोन रुपयांचा नाममात्र पट्टा जाहीर करून बुक बिल्डिंगचा केवळ देखावा करू लागल्या, त्यावर घातलेला हा निर्बंध. आपल्या कंपनीने १०० ते ११८ रुपयांचा पट्टा जाहीर केला असे समजू. तो दोन्ही अटींत बसतो. नोंदवही किमान तीन कामाचे दिवस खुली राहते. ती बंद झाल्यावर पुढील बोल्या दिसल्या असे धरू : ११८ रुपयांस २० लाख समभाग, ११५ रुपयांस ३० लाख, ११२ रुपयांस २५ लाख, ११० रुपयांस २५ लाख, १०५ रुपयांस ४० लाख आणि १०० रुपयांस ६० लाख. विकावयाचे समभाग १०० लाख, आणि मागणी एकंदर २०० लाखांची. म्हणजे विक्रीस दुप्पट प्रतिसाद मिळाला.

आता कट-ऑफ भाव काढताना सर्वांत वरच्या बोलीपासून खाली उतरत बेरीज करीत जावे. ११८ पाशी २० लाख, ११५ पाशी ५०, ११२ पाशी ७५, आणि ११० पाशी १०० लाख पुरे होतात. ज्या पायरीवर विक्रीची संख्या भरून निघते, तो भाव कट-ऑफ. येथे तो ११० रुपये. कंपनीस आपल्या व्यवस्थापकांशी, म्हणजे बुक रनिंग लीड मॅनेजरांशी, विचारविनिमय करून हा भाव किंवा याहून कमी भाव ठरविता येतो, अधिक मात्र ठरविता येत नाही. कारण ११२ रुपयांस घेण्यास तयार असलेले समभाग ७५ लाखच आहेत. खालून वर चढत बेरीज करणारा विद्यार्थी १०५ रुपयांपाशी १०० लाखांस पोचतो आणि चुकीचे उत्तर आत्मविश्वासाने लिहितो. प्रश्न घालणारे हे ओळखून असतात, आणि म्हणून बोल्यांचा तक्ता पुष्कळदा मुद्दामच चढत्या भावांच्या क्रमाने छापतात.

याहून सूक्ष्म चूक सरासरीची आहे. वरच्या चार बोल्यांची भारित सरासरी काढली तर ११३ रुपये ६० पैसे येते, आणि पर्यायांच्या यादीत हा आकडा हटकून ठेवलेला असतो. पण ज्याने ११८ रुपये बोलले त्याच्याकडून ११८ घेतले जात नाहीत. यशस्वी झालेला प्रत्येक जण ११० रुपयेच देतो. त्यामुळे कंपनीच्या हाती येणारी रक्कम एक कोटी गुणिले ११०, म्हणजे ११० कोटी रुपये, आणि सरासरीच्या हिशेबाने निघणारे ११३ कोटी ६० लाख हे केवळ कागदावरचे होत. तसेच ११८ बोलणारास ११० बोलणारापेक्षा वाटपात अग्रहक्क मिळतो, हीही समजूत आपल्या येथील नियमांस धरून नाही. ठरलेल्या भावास किंवा त्याहून वर आलेल्या साऱ्या बोल्या सारख्याच वैध मानल्या जातात, आणि मागणी जास्त झाली तर त्या त्या वर्गातील नियमांप्रमाणे वाटप होते : मोठ्या संस्थांना मागणीच्या प्रमाणात, आणि लहान गुंतवणूकदारांना, शक्य तितक्या जणांस निदान एक लॉट मिळावा या रीतीने, गरज पडल्यास चिठ्ठ्या काढून.

लहान गुंतवणूकदार, म्हणजे दोन लाख रुपयांपर्यंतचा अर्ज करणारा, याला आणखी एक सवलत आहे, आणि लघुप्रश्नाचे ते आवडते स्थान आहे. त्याला भावाचा आकडा न लिहिता ‘कट-ऑफला’ अशी बोली देता येते. म्हणजे जो भाव ठरेल तो मला मान्य, असे तो कळवितो. मोठ्या संस्थांस व बिगर-संस्थात्मक बड्या अर्जदारांस ही मुभा नाही, आणि एकदा दिलेली बोली मागे घेण्याची किंवा खाली आणण्याची मोकळीकही त्यांना नाही. तक्त्यात कट-ऑफच्या बोल्या निराळ्या दिल्या असतील तर त्या सर्वांत वर मांडाव्यात, कारण त्या पट्ट्यातील कोणत्याही भावास राजी आहेत. आपल्या तक्त्यात अशा १५ लाखांची भर पडली, तर ११२ पाशी बेरीज ९० लाख आणि ११० पाशी ११५ लाख होते. भाव ११० च राहतो, फक्त आता १५ लाखांची मागणी अपुरी राहील.

पैसे मात्र वरच्या भावाने अडकतात. १२५ समभागांच्या एका लॉटसाठी कट-ऑफला अर्ज करणाराच्या बँकखात्यात १२५ गुणिले ११८, म्हणजे १४,७५० रुपये राखून ठेवले जातात; ते खात्यातून जात नाहीत, केवळ गोठतात, आणि त्यांवरील व्याज खातेदाराचेच राहते. ११० रुपयांस वाटप झाल्यास १३,७५० रुपये वजा होतात व उरलेले १,००० मोकळे होतात. ज्याने १०५ रुपयांची बोली दिली होती त्याला काहीच मिळत नाही आणि त्याचे सर्व पैसे मोकळे होतात. आजच्या नियमांप्रमाणे विक्री बंद झाल्यापासून तिसऱ्या कामाच्या दिवशी समभाग बाजारात नोंदले जातात.

प्रत्यक्ष व्यवहारात, विशेषतः तेजीच्या काळात, भाव बहुतेक वेळा पट्ट्याच्या माथ्याशीच ठरतो. मे २०२२ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या विक्रीत ९०२ ते ९४९ रुपयांचा पट्टा होता, भाव ९४९ ठरला, आणि १७ मे रोजी मुंबई शेअर बाजारात पहिला व्यवहार ८६७ रुपयांच्या आसपास झाला. नोंदवहीतून निघालेला भाव हा त्या तीन-चार दिवसांतील मागणीचा निष्कर्ष असतो. समभागाची खरी योग्यता त्याने सिद्ध होत नाही, आणि ‘बुक बिल्डिंगमुळे गुंतवणूकदाराचा तोटा टळतो’ असे विधान चूक की बरोबर असे विचारले तर ‘चूक’ असे लिहिण्यास हा एक दाखला पुरेसा आहे.

आपली कंपनी बाजारात आली, तिचा भाव कालांतराने २०० रुपयांस पोचला, आणि एका लहानशा निर्देशांकात तिचा समावेश झाला. येथे दुसरा प्रश्न सुरू होतो. सेन्सेक्स १ जानेवारी १९८६ रोजी प्रसिद्ध होऊ लागला. त्यात ३० कंपन्या आहेत, आणि १९७८-७९ हे वर्ष पायाभूत धरून तेव्हाचे मूल्य १०० मानले आहे. निफ्टीत ५० कंपन्या आहेत, पायाभूत दिवस ३ नोव्हेंबर १९९५ व त्या दिवशीचे मूल्य १,०००. दोहोंच्या पायाभूत आकड्यांची अदलाबदल करून विचारण्याची परीक्षकांची खोड आहे, तेवढे ध्यानात असावे. महत्त्वाची गोष्ट निराळी आहे : या निर्देशांकांत कंपनीचे वजन तिच्या समभागाच्या भावावरून ठरत नाही, बाजारात खरोखर फिरू शकणाऱ्या समभागांच्या एकूण मूल्यावरून ठरते. सेन्सेक्सने ही फ्री फ्लोट पद्धत १ सप्टेंबर २००३ पासून आणि निफ्टीने २००९ च्या जूनमध्ये स्वीकारली. तत्पूर्वी प्रवर्तकांच्या तिजोरीत असलेले समभागही हिशेबात धरले जात, आणि जे कधी विक्रीस येत नाहीत त्यांच्या जोरावर एखादी कंपनी निर्देशांक हलवी.

आपल्या कंपनीचे चार कोटी समभाग असले तरी प्रवर्तकांचे तीन कोटी वगळता एक कोटीच निर्देशांकात धरावयाचे. तेव्हा २०० रुपये भावाने तिचे मूल्य २०० कोटी. ८०० कोटी हा आकडा येथे वापरणे ही सर्वांत प्रचलित चूक होय. सोबत दुसरी एक कंपनी घेऊ, जिचे फिरते समभाग दोन कोटी व भाव १५०, म्हणजे मूल्य ३०० कोटी. आणि तिसरी, जिचे फिरते समभाग पाच कोटी व भाव १००, म्हणजे मूल्य ५०० कोटी. तिघींची बेरीज १,००० कोटी. पायाभूत मूल्य १०० मानले तर भाजक १० कोटी झाला, कारण १,००० कोटींस १० कोटींनी भागिले की १०० येतात. दुसऱ्या दिवशी पहिलीचा भाव २२०, दुसरीचा १४१ आणि तिसरीचा १०४ झाला. मूल्ये अनुक्रमे २२०, २८२ व ५२० कोटी. बेरीज १,०२२ कोटी. त्यास १० कोटींनी भागिले असता निर्देशांक १०२.२०. वाढ २.२० टक्के.

घाईने सोडविणारा येथे पहिली दहा टक्के चढली, दुसरी सहा टक्के उतरली व तिसरी चार टक्के चढली असे पाहून तिन्हींची सरासरी २.६७ काढतो आणि १०२.६७ असे लिहून मोकळा होतो. त्याने तिघींस सारखे वजन दिले, आणि तिसरी कंपनी पहिलीच्या अडीचपट मोठी आहे हे तो विसरला. उत्तर पडताळून पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. पायाभूत दिवशी वजने २०, ३० व ५० टक्के होती, त्यांनी बदलास गुणून बेरीज करावी : दोन अधिक, एक पूर्णांक आठ दशांश उणे, दोन अधिक, म्हणजे २.२०. दोन्ही रीतींनी एकच उत्तर आले की निःशंक व्हावे.

दुसरी कंपनी वगळून तिच्या जागी ४०० कोटी मूल्याची चौथी घेतली तर निर्देशांक काय होईल, असा प्रश्न आला तर उत्तर ‘बदलणार नाही’ असे आहे. बेरीज १,०२२ वरून १,१४० कोटी होते खरी, पण ती वाढ कोणाच्या भावात झालेली नाही. म्हणून भाजक त्याच प्रमाणात वाढवून सुमारे ११.१५ कोटी केला जातो आणि निर्देशांक १०२.२० वरच राहतो. भाजकाचे सारे प्रयोजन हेच की यादीतील फेरफाराने निर्देशांकात खोटी उडी येऊ नये.

परंतु सर्वच निर्देशांक या रीतीने चालत नाहीत, आणि पुढचा प्रश्न समजण्यासाठी हा अपवाद नीट पाहिला पाहिजे. चार्ल्स डाऊ याने मे १८९६ मध्ये न्यू यॉर्क येथे सुरू केलेली सरासरी बारा समभागांच्या भावांची बेरीज करून तिला बाराने भागण्याइतकी साधी होती. आज तीत तीस कंपन्या असल्या तरी भावांची बेरीज करून भाजकाने भागण्याची रीत तीच आहे. आपल्या तीन कंपन्यांची अशी सरासरी काढली तर पहिल्या दिवशी ४५० भागिले ३, म्हणजे १५०. दुसऱ्या दिवशी ४६५ भागिले ३, म्हणजे १५५. वाढ ३.३३ टक्के. तेच समभाग, तेच भाव, आणि एका मापाने २.२० तर दुसऱ्या मापाने ३.३३, कारण येथे ज्या कंपनीचा भाव अधिक तिचा आवाज मोठा, मग ती कंपनी तिघींत लहान का असेना. निर्देशांकावरील प्रश्न वाचताना प्रथम ‘भावाचे वजन’ की ‘मूल्याचे वजन’ हे शब्द शोधावेत, आणि मगच लेखणी उचलावी.

आता आपल्या कंपनीने दहा रुपयांच्या एका समभागाचे दोन रुपयांचे पाच समभाग करण्याचे ठरविले. बंदा रुपया मोडून चिल्लर घेतल्याने कोणी श्रीमंत होत नाही. त्याचप्रमाणे ज्याच्यापाशी २२० रुपयांचा एक समभाग होता त्याच्यापाशी आता ४४ रुपयांचे पाच असतील, आणि गुणाकार २२० च राहील. कंपनीचे समभाग चार कोटींचे वीस कोटी होतात, पण वसूल भांडवल ४० कोटींचे ४० कोटीच राहते, आणि राखीव निधीस हातही लागत नाही. प्रतिसमभाग म्हणून जे जे मोजतात ते सारे पाचाने भागले जाते : मिळकत ११ रुपये असेल तर २ रुपये २० पैसे, पुस्तकी मूल्यही पाचवा हिस्सा. मात्र दोन प्रतिसमभाग आकड्यांचे गुणोत्तर बदलत नाही. भाव भागिले मिळकत, म्हणजे पी-ई, आधी २२० भागिले ११ होता, आता ४४ भागिले २.२० आहे; दोन्ही वेळी २०.

लाभांशात एक फसवा कोपरा आहे. आपल्या येथे लाभांश पुष्कळदा दर्शनी किमतीच्या टक्क्यांत जाहीर होतो. ५० टक्के लाभांश म्हणजे पूर्वी समभागामागे पाच रुपये होते. विभाजनानंतर तेच ५० टक्के म्हणजे एक रुपया. भागधारकाच्या हाती पाच समभागांवर पाचच रुपये येतात, तरी ‘लाभांश ऐंशी टक्क्यांनी घटला’ हा पर्याय अनेकांस मोह पाडतो.

विभाजन आणि बोनस यांची गल्लत तर सार्वत्रिक आहे, आणि तिचे कारण गुणोत्तर लिहिण्याच्या रीतीत आहे. १:५ विभाजन म्हणजे एकाचे पाच. ४:१ बोनस म्हणजे हाती असलेल्या एका समभागावर चार नवे, अर्थात एकाचे पाचच. भाव दोहोंतही पाचवा हिस्सा होतो. फरक हिशेबाच्या वह्यांत पडतो : बोनसमध्ये दर्शनी किंमत दहाच राहते, म्हणून वीस कोटी समभागांचे भांडवल २०० कोटी होते, आणि वरचे १६० कोटी राखीव निधीतून भांडवलाकडे वर्ग करावे लागतात. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या तर गुणक परस्परांशी गुणावेत, मिळवू नयेत. बजाज फायनान्स या पुण्याच्या कंपनीने जून २०२५ मध्ये दोन रुपयांच्या समभागाचे एक रुपयाचे दोन केले आणि त्याच सोबत ४:१ बोनस दिला. दोन गुणिले पाच, म्हणजे एकाचे दहा झाले, आणि १६ जून रोजी नऊ हजारांवरचा भाव नऊशेच्या घरात दिसू लागला. त्या दिवशी मोबाइलवर नव्वद टक्के घसरण दाखविणाऱ्या आकड्याने धास्तावलेले लोक पुष्कळ होते. त्यातून नवे समभाग डीमॅट खात्यात दिसण्यास काही दिवस लागतात, त्यामुळे भाव उतरलेला आणि संख्या जुनीच, असे चित्र मधल्या काळात दिसते. अशा वेळी दलालाच्या हिशेबात दिसणारा तोटा खरा नसतो. खरी घसरण आहे की विभाजन, हे ओळखावयाचे तर बाजाराच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या कंपनीची रेकॉर्ड डेट पाहावी, आणि आदल्या दिवशीच्या भावास गुणकाने भागून मिळणाऱ्या आकड्याशी नवा भाव ताडून पाहावा.

विभाजनाचा निर्देशांकावर परिणाम काय, हा तिन्ही विषयांस जोडणारा प्रश्न आता सहज सुटतो. मूल्याच्या वजनाने चालणाऱ्या आपल्या निर्देशांकात पहिल्या कंपनीचे फिरते समभाग एक कोटींचे पाच कोटी झाले, भाव २२० चा ४४ झाला, मूल्य २२० कोटीच राहिले. निर्देशांक व भाजक दोन्ही जागच्या जागी. भावाच्या सरासरीत मात्र बेरीज ४६५ वरून ४४, १४१ व १०४ यांची, म्हणजे २८९ वर येते, आणि तिला तीनाने भागिले तर ९६.३३, कोणी काही गमावले नसता अडतीस टक्क्यांची कोसळ. ती टाळण्यासाठी नवा भाजक २८९ भागिले १५५, म्हणजे सुमारे १.८६४५ ठरतो. सरासरी १५५ राहते, पण कंपनीचा आवाज कायमचा बारीक होतो : पूर्वी ती दहा टक्के चढली असती तर सरासरी ७.३३ अंशांनी वाढली असती, आता ४.४० भागिले १.८६४५, म्हणजे केवळ २.३६ अंशांनी वाढेल.

हे केवळ कागदी कोडे नव्हे. ॲपल कंपनीने ऑगस्ट २०२० अखेर एका समभागाचे चार केले आणि सुमारे पाचशे डॉलरांचा भाव सव्वाशेच्या आसपास आला, तेव्हा डाऊच्या सरासरीत तंत्रज्ञान क्षेत्राचे वजन एका रात्रीत घटले. तो तोल सावरण्याच्या हेतूने ३१ ऑगस्टपासूनच तीन कंपन्या बदलण्यात आल्या. सेल्सफोर्स, ॲमजेन व हनीवेल आत आल्या, आणि १९२८ पासून तीत असलेली एक्सॉन, फायझर व रेथिऑन यांच्यासह बाहेर गेली. सेन्सेक्स किंवा निफ्टीतील एखाद्या कंपनीने असेच विभाजन केले तर यांपैकी काहीही करावे लागत नाही.

‘विभाजनानंतर भाव वाढतो’ हे विधान परीक्षेत आले तर सैद्धान्तिक उत्तर ‘नाही’ असेच द्यावे. व्यवहारात मात्र घोषणेच्या सुमारास भाव काही वेळा चढतो. कारण लहान रकमेचा खरेदीदार आत येऊ शकतो, उलाढाल वाढते, आणि व्यवस्थापनास पुढील मिळकतीची खात्री असावी असा तर्क लोक बांधतात. पण ते विभाजनाच्या गणिताचे फळ नसून लोकांच्या अपेक्षांचे आहे. एमआरएफने आपला समभाग कधी मोडला नाही आणि जून २०२३ मध्ये त्याचा भाव लाखावर गेला, म्हणून ती देशातील सर्वांत मोठी कंपनी ठरत नाही. तिचे समभाग अर्ध्या कोटीहूनही कमी आहेत, आणि मोठेपणा मोजावयाचा तर गुणाकार करावा लागतो.

राहता राहिला खरेदीच्या किमतीचा प्रश्न, जो आयकराच्या लघुप्रश्नांत येतो. ज्याला आपल्या कंपनीचे १२५ समभाग ११० रुपयांनी मिळाले, त्याची खरेदी १३,७५० रुपयांची. विभाजनानंतर त्याच्यापाशी ६२५ समभाग आहेत व प्रत्येकाची खरेदीकिंमत २२ रुपये. ४४ रुपये भावाने त्याची मालमत्ता २७,५०० रुपयांची, नफा १३,७५० रुपयांचा, आणि धारणकाल मूळ वाटपाच्या तारखेपासून मोजावयाचा. कंपनीने विभाजनाऐवजी ४:१ बोनस दिला असता तर मूळच्या १२५ समभागांची किंमत ११० रुपयेच राहिली असती, नव्या ५०० समभागांची खरेदीकिंमत शून्य धरली गेली असती, आणि त्यांचा धारणकाल बोनस वाटपाच्या दिवसापासून नव्याने सुरू झाला असता.